धूसर चित्रातली राजी

राजवाड्याच्या भिंतीवरून धावणारी एक लहानशी आकृती, बाकी सारे धूसर. व्हिडिओ गेमचे असे चित्र पाहिले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हेच नाव प्रथम सुचते. चेहरा दिसत नसल्याने इतर खुणांकडे वळावे लागते.

प्रथम पडद्याचे कोपरे पाहावेत. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात जीवनशक्तीची वक्र निळी पट्टी असते. ती दिसली, तर प्रश्न मिटला. न दिसल्यास मात्र घाई नको. कथादृश्यांत अशा पट्ट्या लपवल्या जातात.

मग परिसर पाहावा. दृश्य उंचावरून, दूरून टिपलेले असेल आणि वास्तू राजस्थानी वळणाची असेल, तर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी : अॅन एन्शंट एपिक'ची शक्यता बळावते.

शेवटी शस्त्र. राजपुत्राजवळ तलवार आणि खंजीर असतो. राजीच्या हाती दुर्गेचे त्रिशूळ. पण पुढे तिलाही धनुष्य आणि तलवार मिळते. म्हणून नुसत्या तलवारीवरून निवाडा करता येत नाही. उंचावरचे दृश्य, राजस्थानी वास्तू आणि त्रिशूळ ही तिन्ही एकत्र आली, तरच ती आकृती राजीची म्हणावी.