एक पान कमी झालं तर

अमेरिकी मासिक कॉमिकची कथा साधारण 20-22 पानांत बसवलेली असते. समजा, संपादकाने सातवं पान संथ म्हणून काढायला सांगितलं. लेखकाने ते काढलं, की चौदाव्या पानावरचा मुखवटा उतरण्याचा प्रसंग तेराव्यावर येतो. बारावं आणि तेरावं पान समोरासमोर उघडतात. वाचकाला खुनी आधीच दिसतो! सम क्रमांकाचं पान उलटल्यावरच दिसतं, म्हणून धक्का तिथेच हवा.

सुधारित संहितेसोबतच्या चिठ्ठीत हेच लिहायचं असतं: ‘सातवं पान काढलं. जुन्या नवव्या पानावरच्या आठ चौकटींची आता दोन पानं केली, त्यामुळे मुखवटा चौदाव्यावरच राहिला.’ नुसतं ‘सूचनेप्रमाणे बदल केले’ म्हटलं, तर संपादकाला दोन्ही मसुदे शेजारी ठेवून फरक शोधत बसावं लागतं.

न स्वीकारलेली सूचनाही कारणासह नोंदवावी. बदललेल्या पानांपैकी काही चित्रकाराने रेखाटली असतील, तर ते चिठ्ठीत सर्वांत वर हवं; कारण तिथे मेहनत वाया जाते.

एक गोष्ट मात्र लेखकाच्या हातात नसते. मध्ये जाहिरातीचं एकच पान आलं, तरी सम-विषमाचं गणित फिरतं. म्हणून जाहिराती कुठे येणार, हे चिठ्ठीतच विचारावं.