वेबिनारला ‘नाही’ म्हणताना

५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. तो जवळ आला की कृषी महाविद्यालयं वेबिनारसाठी वक्ते शोधू लागतात. समजा, माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना असा फोन आला. बांधावर उभं राहून शेतकऱ्यांशी तासभर बोलणाऱ्या या बाई कॅमेरा सुरू झाला की अडखळतात. त्यांना नकार द्यायचा आहे.

असं अडखळण्यात नवल नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची काही कारणं मांडली. समोरचे चेहरे फार जवळून, सतत आपल्याकडे पाहत असल्यासारखे वाटतात. शिवाय स्वतःचा चेहराही सारखा दिसत राहतो. वेबिनारमध्ये आणखी एक भर पडते: श्रोते बहुधा दिसतच नाहीत. मान हलवणारं कुणी नाही, म्हणजे समजलं की नाही हे कळायची सोय नाही. स्वतःचा चेहरा हाच त्रास असेल, तर झूममध्ये Hide Self View निवडलं की तो आपल्यापुरता दिसेनासा होतो. इतरांना दिसत राहतो. एवढ्याने भागत असेल तर नकाराची गरजच नाही.

भागत नसेल, तर तोंडावर येतं ते सोपं कारण: ‘त्या दिवशी मी बाहेरगावी आहे.’ ऑनलाइन कार्यक्रमात हे टिकत नाही. संयोजक म्हणतात, ‘मग तिथूनच जोडून घ्या ना, मॅडम,’ किंवा ‘शनिवारी ठेवू या.’ दुसऱ्यांदा कारण शोधणं पहिल्यापेक्षा अवघड. खरं कारण सांगितलं तर तारीख बदलून काही साधणार नसतं. मात्र तेव्हा ‘कॅमेरा बंद ठेवून बोला’ असा आग्रह होतोच. तो मान्य आहे का, हे फोन उचलण्याआधी ठरवलेलं बरं.

वेळही महत्त्वाची. ‘बघते, कळवते’ म्हणून फोटो आणि परिचय पाठवला, की दुसऱ्या दिवशी पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरू लागतं. त्यानंतरचा नकार म्हणजे माघार. म्हणून फोटो मागितला जाण्याआधीच, शक्यतो त्याच दिवशी कळवावं. बाईंचा निरोप असा असू शकतो:

‘सर, आठवणीने बोलावलंत, आभारी आहे. कॅमेऱ्यासमोर बोलणं मला जमत नाही, म्हणून या चर्चेत मी नसेन. आवाजापुरतीही नको. मातीचा नमुना कसा घ्यावा यावर दोन पानी टिपण देऊ शकते. विद्यार्थ्यांचे प्रश्न लेखी पाठवलेत तर उत्तरंही लिहून देईन.’

यात ‘बहुतेक’, ‘सध्या तरी’ असे शब्द नाहीत. संयोजक त्यांनाच धरून पुन्हा विचारतात. टिपण द्यायचं नसेल तर ते वाक्य गाळावं, कारण संयोजक ते हमखास मागतात, तेही कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचं असेल, तर आधी त्या व्यक्तीला विचारावं. कदाचित तिलाही कॅमेरा नकोच असेल.