ट्रोलला दिलेलं उत्तर वाचतं कोण?

माझी एक बालरोगतज्ज्ञ मैत्रीण आहे. गेल्या वर्षी तिने आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधी सूचना टाकली. शनिवारी सकाळी १० ते १२, क्लबहाउसमध्ये, ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या पालकांसाठी एचपीव्ही लशीची माहिती; शंका असतील तर जरूर या. ग्रुपमध्ये २१२ माणसं. अर्ध्या तासात एका गृहस्थांचा मेसेज आला: "कमिशन किती मिळतं मॅडम? आमची पणजी ९२ वर्षं जगली, एकही लस न घेता. लोकांच्या पोरींवर प्रयोग बंद करा."

खाली दोन अंगठे आणि एक हसरा चेहरा. बाकीचा ग्रुप गप्प.

तिने मला फोन केला तेव्हा आवाज चढलेला होता. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून जे उत्तर लिहिलं, ते लिहिताना ट्रोलला उत्तर देण्याबद्दलचे माझे स्वतःचेही बरेच समज मोडीत निघाले. त्यातले मोठे तेवढे इथे मांडते.

गैरसमज : ट्रोलकडे दुर्लक्ष करावं, तो आपोआप थंड होतो.

चालत्या होडीमागे गळ ओढत नेऊन मासे पकडण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. गळाला लागू नका, हा सल्ला त्यातूनच निघतो आणि निव्वळ शिवीगाळीला तो बरोबर लागू पडतो. कोणी नुसतं "मूर्ख" म्हणून गेला, तर त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतंच. पण इथे शिवीसोबत एक आरोप होता आणि एक भीतीही. पैसे खाता, हा आरोप. मुलींवर प्रयोग होतात, ही भीती. दोन्ही तशीच लोंबकळत राहिली, तर गप्प बसलेले दोनशे जण त्याचा आपापल्या परीने अर्थ लावणार.

जर्मनीतल्या एर्फुर्ट विद्यापीठाचे फिलिप श्मिड आणि कॉर्नेलिया बेट्श यांनी याच प्रश्नावर सहा प्रयोग केले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीसारख्या विषयावर जाहीर चर्चेत कोणी विज्ञान नाकारत असेल आणि त्याला कोणीच उत्तर दिलं नाही, तर ऐकणाऱ्यांच्या मनावर सर्वांत वाईट परिणाम होतो, असं त्यांना दिसलं. उत्तर दिल्यावर तो परिणाम पूर्ण पुसला गेला नाही, पण कमी झाला. म्हणजे सगळं आधीसारखं होईल ही अपेक्षा ठेवू नये, आणि उत्तर देणं व्यर्थ आहे असंही समजू नये.

गैरसमज : उत्तर त्या माणसाला पटलं पाहिजे.

मैत्रिणीचा पहिला खर्डा या समजुतीतूनच आला होता. "तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. मी एमडी आहे, वीस वर्षं प्रॅक्टिस करते," अशी त्याची सुरुवात, आणि पुढे सात परिच्छेद. सगळं खरं होतं. पण त्या गृहस्थांना पटवण्यासाठी लिहिलं होतं, आणि ते पटवून घ्यायला आलेच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१६ मध्ये लशीच्या कट्टर विरोधकांशी जाहीर चर्चा करणाऱ्या आरोग्य यंत्रणांच्या प्रवक्त्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र असं, की तुमचा श्रोता समोरचा विरोधक नाही, भोवतीचे लोक आहेत. हे एकदा मनात पक्कं केलं की लिहिण्याची रीतच बदलते. मी मैत्रिणीला विचारलं, "वाचणारी एक बाई डोळ्यांसमोर आण. कोण दिसते?" ती म्हणाली, "सातव्या मजल्यावरची. अकरा वर्षांची मुलगी आहे तिला. ग्रुपवर कधी बोलत नाही." मग आम्ही तिच्यासाठी लिहायला बसलो.

गैरसमज : विनोदी उत्तर म्हणजे झोंबणारं उत्तर.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबते.

दुसरा खर्डा खुसखुशीत होता: "तुमच्यासारखा पणतू निपजणार हे पणजींना आधी कळलं असतं, तर त्यांनी लस नक्की घेतली असती." आम्ही दोघी खळखळून हसलो. ग्रुपवरही दहा-बारा जण हसले असते. पण ते सगळे आधीपासून तिच्याच बाजूचे. सातव्या मजल्यावरच्या बाईंना यातून एवढंच कळलं असतं, की डॉक्टरला शंका विचारली तर घराण्याचा उद्धार होतो. त्या शनिवारी आल्या नसत्या. शिवाय कमिशनच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं ते नव्हतंच, आणि टोमणा मारून प्रश्न टाळला की संशय वाढतो.

विनोद कोणावर चालतो हे वाचणारा फार बारकाईने बघत असतो. माणसावर, त्याच्या घरच्यांवर, शिक्षणावर, अशुद्धलेखनावर चालला, तर बघ्यांची सहानुभूती त्या माणसाकडे जाते, मग तो कितीही चुकीचा असो. त्याच्या अतिशयोक्तीवर किंवा एकूण प्रसंगावर चालला, तर सगळ्यांना हसता येतं, कधीकधी त्यालासुद्धा. आणि एका गोष्टीवर तो कधीच चालवू नये, ती म्हणजे खरी भीती.

"प्रयोग" हा शब्द त्या गृहस्थांनी हवेतून आणला नव्हता. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या ७ मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्यातले दोष मात्र खरे निघाले. खम्ममच्या वसतिगृहांत कित्येक मुलींच्या अर्जावर आईवडिलांच्या ऐवजी वॉर्डननी सही केली होती. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले. ज्या आईने हे कधीतरी अर्धवट ऐकलं असेल, तिच्यासमोर "प्रयोग" या शब्दाची थट्टा करणं म्हणजे तिच्या मुलीच्या काळजीची थट्टा करणं. ट्रोलच्या मजकुरात असा खरा काटा आहे का, हे आधी शोधायचं. असेल तर तो बाजूला काढून सरळ, गंभीर उत्तर द्यायचं.

शेवटी गेलं ते उत्तर असं:

"काका, पणजींना माझा नमस्कार. ९२ वर्षं ठणठणीत राहण्याचं त्यांचं पथ्यपाणी कोणी लिहून ठेवलं असेल तर शनिवारी घेऊन या, पहिली दहा मिनिटं त्यालाच देते. कमिशनचा हिशेब उघड आहे: कंपनीकडून शून्य, सोसायटीकडून एक चहा आणि एक बटाटेवडा. तुमच्यासाठीही एक वडा सांगून ठेवते. 'प्रयोग' हा शब्द मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २००९-१० मध्ये या लशीच्या एका प्रकल्पात पालकांची संमती नीट घेतली गेली नव्हती आणि तो थांबवावा लागला. शनिवारी कोणालाही लस टोचणार नाही, फक्त माहिती देणार आहे. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो. ही लस त्याच्याविरुद्ध आहे आणि २००६ पासून जगात वापरात आहे. घ्यायची की नाही ते आईवडिलांनी ठरवायचं. ग्रुपवर विचारायला संकोच वाटत असेल तर मला वेगळा मेसेज करा."

यातला विनोद पहिल्या चार वाक्यांत संपतो. पणजींचा मान राहतो, आणि एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, हे न बोलता कळतं. वड्याच्या वाक्यात हसू आहे, पण "कंपनीकडून शून्य" हे ठाम उत्तरही त्याच वाक्यात आहे. ते शून्य खरं होतं म्हणूनच लिहिता आलं. कंपनीकडून प्रवासखर्च जरी घेतलेला असता, तरी तो आकडा तिथे लिहावा लागला असता, नाहीतर वड्याचा विनोद दुसऱ्याच दिवशी अंगाशी आला असता.

गैरसमज : विनोद जमला की काम झालं.

अमेरिकेत सोजुंग क्लेअर किम, एमिली व्रागा आणि जॉन कुक यांनी याच लशीबद्दलच्या चुकीच्या माहितीवर, वाचणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपून अभ्यास केला. विनोदी दुरुस्तीकडे लोकांचं लक्ष जास्त गेलं. विनोद नसलेली, तर्काने समजावणारी दुरुस्ती जास्त विश्वासार्ह वाटली. मला यातून व्यवहारातला अर्थ असा दिसतो, की विनोदाने वाचणाऱ्याला थांबवायचं आणि तो थांबला की लगेच साध्या शब्दांत माहिती द्यायची. नुसत्या विनोदाला लोक दाद देतात आणि पुढे सरकतात. म्हणून उत्तराचा शेवट कधी विनोदावर करू नये. शेवटचं वाक्य वाचणाऱ्याला पुढे काय करता येईल ते सांगणारं असावं.

त्या गृहस्थांनी परत लिहिलं, "विषय बदलू नका." मैत्रिणीने एकच ओळ टाकली: "शनिवारी समोरासमोर बोलू काका, दहा वाजता." तिसऱ्या मेसेजला तिने उत्तर दिलं नाही. शेवटचा शब्द आपलाच हवा हा हट्ट धरला की दोन्ही बाजू सारख्याच दिसायला लागतात आणि लोक ग्रुप म्यूट करतात. ते गृहस्थ शनिवारी आले नाहीत, त्यांचं मतही बदललं नाही. पण उत्तर गेलं त्याच रात्री तीन आयांचे वेगळे मेसेज आले, आणि तिन्हींत लशीबद्दलचे नेमके प्रश्न होते: किती डोस, पाळी सुरू झाली असेल तर चालते का, पुण्यात तयार होणारी लस कोणती. उत्तर पोचलं की नाही हे हसऱ्या चेहऱ्यांवरून ठरवू नका. गप्प असलेली माणसं मूळ विषयावर प्रश्न विचारू लागली का, ते बघा.

गैरसमज : शांतपणे हसून सगळंच निभावता येतं.

नाही. मजकुरात धमकी असेल, घरचा पत्ता किंवा मुलांचे फोटो टाकले असतील, बाईच्या शरीराबद्दल घाण लिहिलेली असेल, तर तिथे विनोद करायचा नाही. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, समोरचा मजकूर पुसण्याआधी घ्या, आणि तक्रार करा. धमकी देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे.

बाकी वेळी, उत्तर लिहून झालं की पाठवण्याआधी घरातल्या अशा एखाद्याला वाचून दाखवा, ज्याला या भांडणाची काहीच कल्पना नाही. ऐकून त्याने "ही लस नक्की कशासाठी असते गं?" असं विचारलं, तर पाठवून द्या. "हे काका कोण?" असं विचारलं, तर पुसा आणि पुन्हा लिहा.