आमटीतला गूळ आणि आठ अक्षरे

भाचीच्या लग्नाचा पहिला वाढदिवस जवळ आला, तेव्हा ती एक वही घेऊन माझ्याकडे आली. पहिली ओळ तयार होती: ‘प्रेमाच्या या सावलीत वर्ष सुखात सरले.’ मी म्हटलं, ही ओळ शेजारच्या जोडप्याला दिली तर त्यांनाही चालेल. उखाण्यात ते खपतं. चांदीची वाटी कुणाचीही असू शकते, नाव तेवढं आपलं हवं. इथे मात्र वाटीसुद्धा आपलीच लागते.

मग विचारलं, पहिलं भांडण कशावरून झालं? ती पुण्याची, जावई कोल्हापूरचे. तिच्या आमटीत गोडा मसाला आणि गूळ, तर त्यांना हवा झणझणीत कांदा-लसूण मसाला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोडणी केली आणि दोघं खोकत गॅलरीत पळाली. कविता इथे होती.

छंद अष्टाक्षरी घेतला. ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. नवख्याला हा सोयीचा. पहिला खर्डा असा:

आमटीत गूळ किती
पहिलाच वाद झाला
फोडणीच्या धुरामध्ये
राग खोकलून गेला

बोटांवर मोजलं तर सगळं बरोबर, तरी मोठ्याने वाचताना चौथी ओळ अडखळते. कारण वाचताना चार अक्षरांनंतर आपण किंचित थांबतो. पहिल्या तीन ओळींत तिथे शब्द संपतो. चौथीत ‘राग खोक’ असा शब्दच तुटतो. ‘खोकलून राग गेला’ केलं आणि ओळ सरळ झाली. यमकही शाबूत राहिलं.

गूळ कुणाच्या आईच्या पद्धतीचा, हे मात्र तिने लिहिलं होतं ते मी खोडायला लावलं. कविता दोन्ही घरच्या माणसांसमोर वाचायची होती. जे भांडण आठवून दोघांनाही हसू येतं तेच घ्यावं. पैशाचं आणि सासर-माहेरचं वहीतच राहू द्यावं.

दुसरं कडवं एका अबोल्याचं. जावई कामावरून उशिरा आले, न जेवता. हीसुद्धा न जेवता बसलेली.

रात्री साडेदहा होते
ताटे दोन झाकलेली
अबोल्याच्या पाठीमागे
भूक मात्र जागलेली

त्या रात्री दोघं पिठलं-भाकरी जेवली, पण पिठलं कवितेत आणलं नाही. झाकलेल्या ताटांनी काम केलं होतं. आधी तिसऱ्या ओळीत ‘प्रेम’ हा शब्द होता, तोही काढला.

वाढदिवसाला तिने वाचून दाखवलं. सगळे हसले. जावई तेवढे म्हणाले, ‘‘साडेदहा नव्हते हं, पावणेअकरा वाजले होते.’’ तिने लगेच बोटांवर मोजलं: ‘रात्री पावणेअकरा’, अक्षरं आठच भरतात. पण थांबा ‘पावणे’च्या मधोमध पडतो. म्हणून साडेदहाच ठेवले.