एका इंधनाची दोन उष्मामूल्ये

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील पुष्कळ घरांत आता नळाने गॅस येतो. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी एक लहानसा प्रयोग अवश्य करून पाहावा. एका पातेल्याची बाहेरची बाजू फडक्याने कोरडी पुसावी, आत साधे पाणी घालावे आणि पातेले पेटत्या शेगडीवर ठेवावे. थोड्याच वेळात पातेल्याच्या बाहेरच्या अंगास बारीक दंव धरलेले दिसेल. पाणी तापत गेले म्हणजे हे दंव आपोआप नाहीसे होते. पातेले गळते आहे असा कित्येकांचा समज होतो. परंतु गळके पातेले तापल्यावर गळावयाचे थांबत नाही. मग हे पाणी आले कोठून? ते ज्योतीतून आले, असे आम्ही म्हटल्यास बालवाचकांस नवल वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे.

नळाच्या गॅसचा मुख्य घटक मिथेन होय. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा एक व हायड्रोजनचे चार अणू असतात. जळताना कार्बनचा कर्बवायू होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. वजनाचा हिशेब मांडला तर 1 किलो मिथेनला जळण्यास 4 किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यांपासून 2.75 किलो कर्बवायू व 2.25 किलो पाणी निर्माण होते. म्हणजे इंधनाच्या वजनाच्या सव्वादोनपट पाणी! ज्योतीच्या उष्णतेमुळे ते वाफेच्या रूपाने निघून जाते, म्हणून आपणांस दिसत नाही. एक घनमीटर गॅस जाळला म्हणजे सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीवाटे बाहेर पडते.

आता वाफ आणि पाणी यांत केवळ रूपाचाच भेद नाही. पाण्याची वाफ करावयाची तर त्यास पुष्कळ उष्णता द्यावी लागते, आणि ती वाफेत गुप्त राहते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की तेवढीच उष्णता ती परत देते. नेहमीच्या हवेच्या तापमानास हे देणे दर किलोस सुमारे 2.44 मेगाज्यूल असते. 1 किलो मिथेनपासून झालेल्या 2.25 किलो वाफेत म्हणून सुमारे 5.5 मेगाज्यूल उष्णता दडलेली असते.

इंधनाची दोन उष्मामूल्ये सांगतात ती याच कारणाने. जळून झालेली सर्व वाफ थंड करून तिचे पाणी केले व तिची गुप्त उष्णताही पदरात पाडून घेतली, तर 1 किलो मिथेन 55.5 मेगाज्यूल उष्णता देतो. हे त्याचे उच्च उष्मामूल्य. वाफ वाफच राहून निघून गेली, तर 50 मेगाज्यूलच हाती लागतात. हे निम्न उष्मामूल्य. दोहोंतील अंतर निम्न मूल्याच्या शेकडा 11 इतके आहे. हे अंतर सर्व इंधनांस सारखे नसते, कारण ते इंधनातील हायड्रोजनवर अवलंबून आहे. लाकडी कोळशात हायड्रोजन फारच थोडा, म्हणून त्याची दोन्ही मूल्ये जवळजवळ एकच. उलट निव्वळ हायड्रोजन जाळला तर अंतर शेकडा 18 च्या घरात जाते.

हा भेद केवळ पुस्तकी आहे असे कोणी समजू नये. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारने देशात निघणाऱ्या नैसर्गिक वायूचा नवा भाव लागू केला. तो दर दहा लाख ब्रिटिश उष्णता-एककांस 5.05 डॉलर होता. पूर्वीचा भाव 4.2 डॉलर होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर वाढ शेकडा 20 दिसते. परंतु जुना भाव निम्न उष्मामूल्याच्या हिशेबाने होता व नवा उच्च मूल्याच्या. उच्च मूल्याने मोजले की त्याच वायूत उष्णतेची एकके अधिक भरतात, म्हणून दर एककाचा भाव कमी दिसतो. नवा भाव जुन्या मापाने मांडला तर तो 5.61 डॉलर येतो, आणि खरी वाढ शेकडा 33 हून अधिक ठरते. माप न विचारता भाव विचारणाऱ्याची अशी गत होते.

याच मापामुळे आणखी एक चमत्कारिक दावा ऐकू येतो. थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी वाफ गोठवून घेणारे, म्हणजे तिचे पाणी करणारे, बॉयलर वापरतात. त्यांची कार्यक्षमता शेकडा 107 असल्याचे छापलेले आढळते. शंभरातून एकशे सात कसे निघतील? समजा, असा बॉयलर 1 किलो मिथेनपासून 53.5 मेगाज्यूल उष्णता पाण्यास देतो. त्यास 50 ने भागले तर 107 टक्के येतात, आणि 55.5 ने भागले तर 96 टक्के. उष्णता तीच, बॉयलर तोच. केवळ भाजक बदलला.

मात्र ही जादा उष्णता मागताक्षणी मिळत नाही. मिथेनच्या धुरातील वाफ सुमारे 55 ते 59 अंश सेल्सिअसच्या खाली आल्याखेरीज पाणी होऊ लागत नाही, आणि ज्वलनास गरजेपेक्षा अधिक हवा मिसळली तर ही मर्यादा आणखी खाली उतरते. पातेल्यावरचे दंव पाणी तापताच नाहीसे होते, ते याच कारणाने. बॉयलरचेही तसेच. घरातून फिरून येणारे पाणी 30 अंशांचे असेल तर बरीच वाफ पाणी होते. तेच 60 अंशांचे आले तर थेंबही गोठत नाही, आणि महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच वागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. बॉयलरच्या निचऱ्याच्या नळीखाली भांडे ठेवावे. 1 किलो गॅस जळल्यावर भांड्यात 1.35 किलो पाणी जमले, तर सव्वादोन किलोंपैकी शेकडा 60 वाफ गोठली व सुमारे 3.3 मेगाज्यूल उष्णता परत मिळाली असे समजावे. नळी कोरडी राहिली तर लाभ शून्य.

मग परळ-लालबागच्या गिरण्यांनी आपल्या कोळशाच्या बॉयलरांत ही उष्णता का राखली नाही? त्यांच्या उंच चिमण्यांपैकी काही अजूनही उभ्या आहेत, आणि उत्तर त्यांच्याच रचनेत आहे. चिमणीतील धूर बाहेरच्या हवेहून ऊन व म्हणून हलका असतो. तो वर चढतो तेव्हाच भट्टीत हवा ओढली जाते. धूर थंड केला तर ओढ मंदावते. शिवाय कोळशात गंधक असते. धूर फार निवला तर त्यातील आम्ल दंवरूपाने लोखंडावर बसते व ते कुरतडून टाकते. आणि हे आम्ल पाण्याच्या आधी, शंभर अंशांच्या वरच, गोठू लागते. गॅसच्या धुरातून जमणारे पाणीही किंचित आम्ल असतेच. म्हणून नव्या बॉयलरांत न गंजणारे पोलाद किंवा ॲल्युमिनियमची मिश्रधातू योजतात, आणि थंड झालेला धूर पंख्याने बाहेर ढकलतात. तेव्हा गिरणीवाल्यांनी चिमणीवाटे सोडलेली उष्णता हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हता; भट्टीची ओढ टिकविण्यासाठी व लोखंड वाचविण्यासाठी दिलेली ती किंमत होती.