मिनिटं वाढवा, दम नाही

हार्ट अटॅकनंतर डिस्चार्जच्या कागदावर ‘हळूहळू चालणे वाढवा’ असं लिहिलेलं असतं. हळूहळू म्हणजे किती, हे त्यावर नसतं. मग एखाद्या घरात पेशंटला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत, तर दुसऱ्या घरात आठव्या दिवशी टेकडीवर नेतात. अटॅकमध्ये निकामी झालेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. चालण्याचा कार्यक्रम या काळाला धरून आखतात.

समजा, ५८ वर्षांचे एक काका आहेत. अँजिओप्लास्टी होऊन ते घरी आले आहेत. हृदयाचं पंपिंग ठीक आहे आणि डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे. पंपिंग कमी असेल, ठोके अनियमित असतील किंवा बायपास झाली असेल, तर पुढचे आकडे लागू नाहीत. अशा पेशंटचा कार्यक्रम डॉक्टरच ठरवतात.

काकांनी पहिल्या दिवशी सपाट जागेवर पाच मिनिटं चालायचं, सकाळी आणि संध्याकाळी. जेवणानंतर निदान तासभर थांबायचं आणि कडक ऊन टाळायचं. रोज साधारण एक मिनिट वाढवलं की आठवड्याअखेरीस एका वेळी दहा-अकरा मिनिटं होतात. तिथून पुढे वाढ मंद ठेवायची: तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, चौथ्यात वीस आणि सहाव्याच्या शेवटी सलग तीस. वेळ दहा मिनिटांच्या पुढे गेली की सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं रेंगाळतच चालायचं. चालता चालता एकदम थांबलं तर पायांतलं रक्त तिथेच साचतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना हे जास्त जाणवतं.

वेग किती ठेवायचा, ते मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीवरून ठरवू नये. काकांना बहुधा मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी चालू असते. कितीही दम लागला तरी नाडी फारशी चढत नाही आणि आकडा पाहून सगळं आलबेल आहे असं वाटतं. म्हणून श्रम स्वतःच जोखायचे. त्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी मोजपट्टी वापरतात. ६ म्हणजे आरामात बसलेलं असणं आणि २० म्हणजे आता एक पाऊलही टाकवत नाही अशी अवस्था. ११ ला चालणं हलकं वाटतं, १३ ला थोडं कष्टाचं, १५ ला कष्टाचं. काकांनी ११ ते १३ मध्येच राहायचं. ओळखण्याची खूण सोपी आहे: श्वास थोडा वाढलेला असावा, पण सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर आकडा १३ च्या पुढे गेला.

आठव्या दिवशी काका बारा मिनिटं चालायला निघाले आणि वाटेत चढ लागला. बोलणं तुटलं, आकडा १५ वर गेला. घरी आल्यावर तासाभरानेही थकवा उतरला नाही. याचा अर्थ श्रम जास्त झाले. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर दहाच मिनिटं चालायचं आणि दोन दिवस तिथेच थांबायचं. आकडा पुन्हा ११-१२ वर आला की मगच वाढवायचं. चौथ्या आठवड्यात तेवढ्याच वेळात सोसायटीची एक फेरी जास्त होते आणि आकडा मात्र १२ च राहतो, तेव्हा प्रकृती सुधारते आहे असं समजावं.

पोटऱ्या भरून येणं नेहमीचं आहे. पण छातीत दाब किंवा जळजळ, जबड्यात, खांद्यात वा हातात कळ, अचानक धाप, थंड घाम, चक्कर किंवा छातीत धडधड यांपैकी काहीही झालं की तिथेच बसायचं. ‘घर जवळच आहे’ म्हणून चालत राहू नये. मधुमेह्यांना छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप आणि घामही पुरेसा इशारा असतो. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर छातीत दुखताना बसूनच एक गोळी जिभेखाली ठेवायची, कारण तिने रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, किंवा वाढलं, तर १०८ ला फोन करायचा. गोळी जवळ नसेल तर लगेच करायचा. दुखणं थांबलं तरी त्या दिवशी पुढे चालायचं नाही आणि डॉक्टरांना कळवायचं.

एक इशारा चालताना दिसत नाही. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, पाय सुजले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर शरीरात पाणी साठत असावं. अशा वेळी चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.