संरक्षणाची जबाबदारी: तीन स्तंभ आणि एक गैरसमज

संरक्षणाची जबाबदारी हे तत्त्व 2005 सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक शिखर परिषदेत मान्य झाले. परिषदेच्या अंतिम दस्तऐवजातील 138 आणि 139 या दोन परिच्छेदांत ते मांडलेले आहे. त्याची व्याप्ती चार गुन्ह्यांपुरती आहे: वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्छेद आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. दुष्काळ, वादळ किंवा निवडणुकीतील गैरप्रकार त्यात येत नाहीत. 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळानंतर म्यानमारचे लष्करी सरकार परदेशी मदत अडवू लागले, तेव्हा फ्रान्सने या तत्त्वाचा आधार घेऊ पाहिला. पण ही आपत्ती चौकटीबाहेरची म्हणून तो प्रयत्न टिकला नाही.

या तत्त्वामागे 1990च्या दशकातील दोन कटू अनुभव होते. 1994 मध्ये रवांडात सुमारे आठ लाख लोक मारले गेले आणि जग पाहत राहिले. 1999 मध्ये कोसोव्होत उलटे घडले. सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता नाटोने युगोस्लाव्हियावर 78 दिवस बॉम्बफेक केली. पुढे एका स्वतंत्र आयोगाने या कारवाईला बेकायदेशीर, तरीही समर्थनीय ठरवले. हा पेच सोडवण्यासाठी कॅनडाच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. गॅरेथ इव्हान्स आणि मोहम्मद साहनून त्याचे सहअध्यक्ष होते. हस्तक्षेपाचा हक्क कोणाला, हा प्रश्न बाजूला ठेवून जनतेच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची, असे आयोगाने 2001 मध्ये विचारले.

तीन स्तंभांची मांडणी सरचिटणीस बान की-मून यांच्या 2009च्या अहवालात आली. आपल्या जनतेला या चार गुन्ह्यांपासून वाचवणे ही प्रत्येक राज्याची पहिली जबाबदारी, हा पहिला स्तंभ. दुसऱ्यात इतर देशांनी त्या राज्याला साह्य करायचे असते: पोलिसांचे प्रशिक्षण, मध्यस्थी, न्यायव्यवस्थेला आधार. 2007च्या निवडणुकीनंतर केनियात उसळलेला हिंसाचार कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने आवरला. अशा यशाची बातमी सहसा होत नाही. राज्य उघडउघड अपयशी ठरत असेल, तर वेळेवर आणि निर्णायक सामूहिक प्रतिसाद द्यायचा, हा तिसरा स्तंभ. त्यातही राजनैतिक व इतर शांततामय मार्ग आधी येतात. निर्बंध किंवा लष्करी बळ ही पुढची पायरी आहे.

सगळा गोंधळ या तिसऱ्या स्तंभाभोवती आहे. परिच्छेद 139मध्ये बळाच्या वापरासाठी एकच दार आहे: सुरक्षा परिषदेमार्फत, सनदेनुसार, प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून. परिषदेचे हात बांधलेले असतील तर आमसभेकडे किंवा प्रादेशिक संघटनांकडे वळण्याचा पर्याय 2001च्या आयोगाने सुचवला होता. कायम सदस्यांनी अशा वेळी नकाराधिकार वापरू नये, असेही त्याने म्हटले होते. 2005च्या मजकुरात दोन्ही सूचना उरल्या नाहीत. मुळात हा दस्तऐवज म्हणजे आमसभेचा ठराव. तो करार नव्हे, त्यामुळे त्यातून नवा कायदेशीर अधिकार निर्माण होत नाही. सनदेच्या कलम 2(4)मध्ये बळाच्या वापरावर बंदी आहे. सनदेत तिला अपवाद आहेत ते स्वसंरक्षणाचा आणि सुरक्षा परिषदेच्या परवानगीचा. मानवतावादी हस्तक्षेपाचा एकतर्फी हक्क हा तिसरा अपवाद म्हणून तेव्हाही मान्य झाला नाही.

लिबियाच्या प्रकरणात हे नीट दिसते. फेब्रुवारी 2011 मध्ये गद्दाफी राजवटीने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. आधी ठराव 1970 आला: शस्त्रबंदी, मालमत्ता गोठवणे आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे. फौजा बेंगाझीकडे सरकू लागल्या, तेव्हा 17 मार्चला ठराव 1973 मंजूर झाला. दहा मते बाजूने पडली. भारत, रशिया, चीन, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. लिबियाच्या सरकारवर जनतेच्या संरक्षणाची जबाबदारी आहे, हे वाक्य ठरावाच्या प्रास्ताविकात आहे. बळाच्या वापराची परवानगी मात्र सनदेच्या सातव्या प्रकरणातून आली, तीही नागरिकांच्या रक्षणासाठी आणि परकीय ताबा सैन्य वगळून. तत्त्वाने राजकीय कारण पुरवले, कायदेशीर बळ परिषदेने.

पुढे नाटोची मोहीम गद्दाफीच्या पाडावापर्यंत चालली आणि ऑक्टोबरमध्ये तो मारला गेला. नागरिकांच्या रक्षणाची परवानगी सत्ताबदलासाठी ताणली गेली, हा आक्षेप रशिया आणि चीनपुरता राहिला नाही. त्याच वर्षी ब्राझीलने ‘संरक्षण करतानाची जबाबदारी’ ही कल्पना मांडली: बळ वापरणाऱ्यांनी परिषदेला हिशेब द्यावा. आक्षेपात तथ्य होते, आणि त्याची किंमत लिबियाबाहेरच्यांनीही मोजली.

सीरियाबाबतचे ठराव ऑक्टोबर 2011पासून रशिया आणि चीनच्या नकाराधिकाराने अडत गेले. एप्रिल 2018 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने परिषदेच्या परवानगीविना सीरियावर क्षेपणास्त्रे डागली. ब्रिटनने त्यासाठी मानवतावादी हस्तक्षेपाचा कायदेशीर आधार सांगितला, पण असा हक्क उघडपणे मांडणारी सरकारे आजही मोजकीच आहेत.